शहाणीची मान

काट्यावर पुन्हा तोच आकडा आला आणि दादाने पुन्हा तोच निष्कर्ष काढला.

"बावीस पूर्णांक चार," तो म्हणाला. "बघ. हेल्मेटमध्ये काही खोट नाही. खोट पोरीत आहे."

पोरगी तिथेच होती. खोलीच्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन स्टुलावर बसलेली. ठमी म्हणतो आम्ही तिला. चोवीस वर्षांची आहे, सायकलच्या टाइम ट्रायलमध्ये एकटीने घड्याळाशी झुंजते, आणि बापाने असं काही म्हटलं की बुटाच्या नाडीकडे बघते. मला तिचं ते नाडीकडे बघणं सहन होत नाही. मी तिची आत्या. शिवाय हा वाऱ्याचा बोगदा मी चालवते, म्हणजे काट्यावरचे आकडे माझे. त्या आकड्यांची काठी करून कोणी माझ्या भाचीला बडवत असेल तर मला राग येणारच.

आमचा बोगदा म्हणजे एक लांबलचक शेड. एका टोकाला पंखे, दुसऱ्या टोकाला जाळी, मध्ये जमिनीत बसवलेला काटा. भाजीवाल्याचा काटा वजन सांगतो, हा काटा वारा वस्तूला मागे किती ढकलतो ते न्यूटनमध्ये सांगतो. त्या दिवशी काट्यावर सायकल होती आणि सायकलवर शहाणी.

शहाणी ही फोमची आहे. ठमीचं अंग सगळीकडून मोजून, तिच्या मापाबरहुकूम कोरलेला पुतळा. पाठ तीच, खांदे तेच, हनुवटीसुद्धा तीच. फरक इतकाच की ती हलत नाही, कुरकुरत नाही, तिला तहान लागत नाही. दादानेच तिचं नाव शहाणी ठेवलं. थट्टेत ठेवलं होतं, पण थट्टा कुठे संपली ते मला कळलं नाही. गेली दोन वर्षं तो हेल्मेटचा प्रत्येक नवा साचा शहाणीच्या डोक्यावर चढवून बघतोय.

हेल्मेट मात्र देखणं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पुढून गोल, मागे निमुळतं होत गेलेलं लांब शेपूट, शेपटाचं टोक थेट पाठीला टेकलेलं. दादाचा हात आहे त्यात. स्वतःच्या वर्कशॉपमध्ये त्याने ते घासून घासून असं केलं होतं की बोट फिरवलं तर कुठे अडकायचं नाही.

"दादा," मी म्हटलं, "शहाणी काल शर्यतीत नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे ठमी होती."

"तेच तर म्हणतोय मी!"

आता काय बोलायचं या माणसाशी.

आदल्या दिवशी निवडीची पहिली फेरी झाली होती. संघात चार जागा. ठमी सहावी आली. दुसरी आणि शेवटची फेरी रविवारी. पुढच्या वर्षी वयाचा गट बदलतो, म्हणजे तिला संघात शिरायचं तर ते याच रविवारी. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. वहिनीने तर सकाळी फोनवर मला नुसतं विचारलं, "तुमच्या काट्याला तरी काही कळतंय का हो?"

माझ्या डोक्याला ताप वेगळाच होता. ठमीच्या सायकलच्या पेडलला ताकद मोजणारं यंत्र आहे. कालच्या नोंदी मी रात्रीच बघितल्या होत्या. तिच्या पायांनी शेवटपर्यंत सारखी ताकद दिली होती. पहिल्या दहा मिनिटांत जेवढी, शेवटच्या दहा मिनिटांत तेवढीच. रस्ता सपाट, वारा पडलेला. तरी वेग उतरला होता. पायांनी दिलं आणि रस्त्यावर पोचलं नाही, तर मधल्या मध्ये खाल्लं कोणी? हवेशिवाय तिथे दुसरं कोणी नव्हतं.

"यंत्र चुकलं असेल," दादा म्हणाला.

"तुला हवं तेव्हा यंत्र बरोबर आणि नको तेव्हा चूक?"

"मग वळणावर ब्रेक दाबले असतील. मनाने कच्ची आहे ती. शेवटी शेवटी डोकं पाडते. मी गाडीतून ओरडतोय, डोकं वर, डोकं वर, ऐकते का?"

ठमी नाडीकडेच बघत होती. "ऐकते, बाबा," ती म्हणाली. "वर करते पण."

"आणि परत पाडतेस."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. म्हटलं, शांतपणे सांगून बघू. माझा आवाज चढतो हे मला ठाऊक आहे, पण सुरुवात तरी मी नेहमी शांतपणेच करते.

"हवा अंगाला चिकटून चालते तेव्हा कातडीलगत तिचा एक पातळ थर असतो," मी म्हटलं. "घासून घासून मंदावलेला, दमलेला. डोक्याच्या पुढच्या भागावरून जाताना त्याला मागून रेटा मिळतो, तो निभावतो. मागच्या बाजूला गोलाई आत वळते तिथे दाब पुढे वाढत जातो. म्हणजे त्या दमलेल्या थराला चढ लागतो. चढ एकदम लागला की तो थांबतो, उलटा फिरतो आणि अंगापासून सुटतो. मग मागे भोवऱ्यांचा मोठा पोकळ पट्टा. तिथे दाब कमी, तो तुला मागे ओढतो. बोथट वस्तूचं सगळं दुखणं ते. पुढून हवा ठोकते म्हणून नाही, मागून सुटते म्हणून."

"हे मला सांगतेस? शेपूट मी कशाला लावलं मग?"

"चढ लांब आणि हळू व्हावा म्हणून. थर सुटू नये म्हणून. हेल्मेटवरून निघालेली हवा सरळ पाठीवर उतरावी म्हणून. लावलंस ते उत्तमच लावलंस. पण ते कधी चालतं? शेपूट पाठीला टेकलेलं असेल तेव्हा. डोकं खाली गेलं की शेपूट उठतं वर, झाडूच्या दांड्यासारखं. मग हवा त्याच्या वरच्या कडेवरून सुटते आणि शेपूट नि पाठ यांच्या मध्ये मोठं भगदाड पडतं. त्या क्षणी तुझं निमुळतं हेल्मेट साध्या गोल हेल्मेटहून वाईट."

"म्हणूनच म्हणतो, डोकं वर ठेवावं."

मी हात टेकले. सगळं समजून हा माणूस पुन्हा तिथेच येऊन उभा होता.

"किती वाईट होतं ते मोजू या तरी," मी म्हटलं. "शहाणीची मान कापून वाकवते मी. दहा मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाही तिला," दादा म्हणाला. एवढ्या जोरात की जाळीजवळ झाडणारा माणूस थांबून बघायला लागला. "तिच्या मापावर दोन वर्षांचे आकडे आहेत. मान वाकवलीस तर सगळे बाद."

बाद होऊ देत ना मग! मी हे मनात म्हटलं नाही, मोठ्यानेच म्हटलं. त्यावर तो शहाणीच्या हेल्मेटवरचा न दिसणारा धुळीचा कण पुसत बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोमच्या मानेला हात लावायचा नाही, आणि जिवंत पोरीच्या मानेने काय वाटेल ते सोसायचं.

"मग मला बसव, आत्या," ठमी म्हणाली.

"तुझी मोजणी झाली आहे," दादा म्हणाला. "शहाणीएवढीच आली होती."

झाली होती, खरंच. गेल्या महिन्यात. अर्धं अर्धं मिनिट, मध्ये विश्रांती, पाणी. अर्धं मिनिट कोणीही डोकं वर धरेल. आमच्या धंद्यात मोजणी तशीच करतात, कारण आकडा स्थिर यायला तेवढा वेळ पुरतो. आकडा स्थिर यायला पुरतो, एवढंच. त्यात माझीही चूक होती आणि त्या दिवशी ती मला टोचायला लागली होती, म्हणून मी जरा जास्तच खेकसत होते.

"या वेळी पूर्ण वेळ बसवायचं," मी म्हटलं. "शर्यतीएवढा. शर्यतीच्या वेगाचा वारा आणि पाय शर्यतीच्या ताकदीने."

शहाणीला उतरवून भिंतीशी उभी केली. ठमीच्या हेल्मेटच्या शेपटावर आणि खांद्यांवर मी लोकरीचे छोटे छोटे धागे चिकटवले. हवा चिकटून वाहत असली की धागे मागे लोळून पडतात. थर सुटला की ते थयथयाट करतात, कधी कधी तर पुढे तोंड करून उभे राहतात. ते बघायला कुठलंही शिक्षण लागत नाही.

पंखे सुरू झाले. पहिली दहा मिनिटं शहाणी आणि ठमी यांच्यात काही फरक नव्हता. बावीस पूर्णांक चार, पाच, परत चार. धागे गप्प झोपलेले. दादा माझ्याकडे बघून भुवई उडवत होता. अकराव्या मिनिटाला शेपूट बोटभर उचललं गेलं. मग खाली. मग पुन्हा वर, आणि या वेळी ते वरच राहिलं. धागे उठून नाचायला लागले. काट्यावर तेवीस, तेवीस पूर्णांक सहा, चोवीस.

दादाने मायक्रोफोन ओढून घेतला. "डोकं वर!"

शेपूट खाली आलं. बावीस पूर्णांक सहा. पाचच श्वास गेले असतील, पुन्हा चोवीस.

"डोकं वर, ठमे!"

पुन्हा तेच. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी ती मान उचलायची आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते समोरच्या कॅमेऱ्यात मला दिसत होतं. दादा काट्याकडे बघत होता. शेवटी मीच पंखे बंद केले.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "चोवीस! दीड न्यूटनहून जास्त नुसते हट्टापायी घालवते. मान मजबूत करायचे व्यायाम दिलेत मी. करते का कोण जाणे."

ठमी घामाने निथळत उतरली. हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं आता रडेल किंवा सायकल ढकलून देईल. तिने यातलं काहीच केलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आता तुम्ही बसा."

"मी कशाला?"

"तुमची सायकल गाडीच्या टपावरच आहे. स्वतःसाठी मोठ्या साच्याचं हेल्मेटही काढलंय तुम्ही. रविवारी घालून फिरता."

दादाला नाही म्हणता येईना. तरुणपणी तो स्वतः शर्यतीत उतरायचा, आणि आपल्याला जमत नाही असं म्हणायची त्याला सवय नाही. "ताकद कमी ठेव माझी," मला म्हणाला, "पन्नाशी उलटली. पण मान बघ. मान कशी धरतात ते हिलाही बघू दे."

मी त्याच्या शेपटावर धागे चिकटवताना त्याने दोनदा बजावलं की कॅमेरा चालू ठेव.

मी चालू ठेवला. पंख्यांच्या आवाजात तिथे बसलेल्या माणसाला मायक्रोफोनशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. समोर वारा, खाली रस्त्यासारखा फिरणारा रोलर, डोक्यात फक्त श्वास. सुरुवातीला दादा अगदी शहाणीसारखा बसला होता, मला कौतुक वाटलं. सातव्या मिनिटाला त्याचं डोकं गेलं. हळूच गेलं, पेंग येणाऱ्या माणसासारखं. शेपूट उठलं, धागे उठले, काटा चढला. मी मायक्रोफोनकडे हात नेला तर ठमीने माझं मनगट धरलं.

"नको, आत्या. मला कोणी सांगितलं नसतं तर काय झालं असतं, ते बघू दे त्यांना."

पुढची आठ मिनिटं शेपूट वरच होतं. एकदाही खाली आलं नाही.

दादा उतरला तो धापा टाकत, पण खूश. "कसं?" तो म्हणाला. "हललं का डोकं? एकदा तरी?"

तो थट्टा करत नव्हता, खोटंही बोलत नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की त्याने मान धरून ठेवली. मी बोलणार होते, तोंडापर्यंत चांगला लांबलचक टोमणा आला होता, पण ठमीने पडदा त्याच्याकडे वळवला आणि चित्रण सुरू केलं.

त्याने ते पूर्ण बघितलं. मग म्हणाला, "पुन्हा लाव." पुन्हा बघितलं. धागे उलटे होऊन पुढे तोंड करून थरथरत होते तिथे त्याने बोट ठेवलं.

"हा मीच ना?"

"दुसरं कोण असणार?" मी म्हटलं.

"माझं वय झालं," तो म्हणाला. आवाजात आता जोर नव्हता. "हिच्याशी काय बरोबरी."

"नाहीच बरोबरी," ठमी म्हणाली. "माझी मान तुमच्याहून चार मिनिटं जास्त टिकली."

दादाने हात मानेमागे नेला आणि चोळत राहिला. बराच वेळ. मग टेबलावरचं तिचं हेल्मेट उचललं, शेपटावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाला, "करवत आहे का तुझ्याकडे?"

"शहाणीची मान कापायला?"

"मानही आणि हे शेपूटही."

शेपूट हे नुसतं टोपण असतं, डोकं वाचवणारं कवच आत वेगळं, म्हणून कापायला भीती नव्हती. दादाने ते मध्यावर कापलं. एका दमात, डोळे न मिटता. भुसा टेबलावर पडला आणि दोन वर्षांचं काम टीचभर उरलं. मी तोवर शहाणीची मान कापून खाली वाकवता येईल आणि परत सरळ करता येईल अशी केली. मग आम्ही दोन्ही हेल्मेटं, शहाणीचं लांब आणि ठमीचं आखूड, मान वर ठेवून आणि वाकवून मोजली. डोकं वर असताना आखूड हेल्मेट किंचित वाईट निघालं, बावीस पूर्णांक आठ. हवा कापलेल्या कडेशी सुटणारच, पण तिथवर निमुळतं झाल्यामुळे मागचा पट्टा लहान. आणि डोकं खाली गेल्यावर? लांब शेपूट चोवीसवर, आखूड तेवीस पूर्णांक एक. वर उठायला मागे फारसं काही उरलंच नव्हतं.

दादा आकड्यांकडे बघत राहिला. "म्हणजे शहाणीसाठी माझं बरोबर होतं," तो म्हणाला.

मी टेबलावरचा भुसा झाडायला घेतला. उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं.

रविवारी मी दादाच्या गाडीत मागे बसले होते. शर्यतीत खेळाडूमागे प्रशिक्षकाची गाडी असते, त्यात दादा उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा मायक्रोफोन घेऊन बसतो. गाडी चालवणारा माणूस त्याच्या ओरडण्याला इतका सरावलेला होता की त्याने कानात कापूस घातला होता. मला मनातून अजिबात भरवसा नव्हता. अर्ध्या रस्त्यानंतर ठमीचं डोकं गेलं, मला मागून स्पष्ट दिसलं. दादाने मायक्रोफोन तोंडाशी नेला. त्याच्या गळ्याची शीर दिसत होती. मग त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "छान चाललंय. पाय असेच ठेव." नि मायक्रोफोन मांडीवर ठेवून त्याच्यावर दोन्ही हात दाबून बसला. तो पुढे पूर्ण वेळ तसाच होता. मला त्याचा राग येत होता आणि त्याची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी आणखी वैतागले.

ठमी तिसरी आली. संघात.

शेवटच्या रेषेपलीकडे ती सायकलला टेकून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. आम्ही पोचलो तेव्हा निवड समितीचे प्रमुख तिच्याशी बोलत होते. मोठे भले गृहस्थ. दादाला बघून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अखेर मनाने तयार केलंत तुम्ही पोरीला," ते म्हणाले. "मागच्या वेळी मनच कमी पडलं होतं तिचं. तुम्हीच सांगत होतात की."

म्हणजे हा बाहेरही सांगत फिरत होता! मी दादाकडे बघितलं. ठमीनेही बघितलं. त्याला नुसती मान हलवायची होती. मान हलवून सुटता आलं असतं, प्रमुखांना काही कळलं नसतं आणि फोटोही छान आला असता.

"नाही," दादा म्हणाला. "मी खोटं सांगत होतो. म्हणजे मला ते खरं वाटत होतं. हिचं मन पहिल्यापासून तयार होतं. हेल्मेट मी चुकीचं केलं होतं. पुतळ्याच्या मानेसाठी केलं होतं."

प्रमुख हसले. त्यांना तो विनय वाटला असावा. "असू द्या, असू द्या," म्हणत ते पुढच्या खेळाडूकडे गेले. दादा त्यांच्या मागे दोन पावलं गेला, "अहो, ऐका तरी," म्हणाला, पण ते गेले होते. तो परत आला आणि पोरीसमोर हात लोंबकळत ठेवून उभा राहिला.

ठमीने सायकल त्याच्याकडे ढकलली.

"धरा जरा, बाबा," ती म्हणाली. "मान दुखतेय. दोन वर्षं दुखतेय."